नग तीन आले, दोन गेले

प्रश्न: मी एक लघुकथा लिहितोय. सांगलीतल्या एका हॉटेलमधल्या बेलबॉयला वयस्कर परदेशी पाहुण्याचं राहिलेलं पाकीट सापडतं आणि तो माग काढत काढत ते त्यांच्यापर्यंत पोचवतो. पण खरंच असा माग कसा काढतात? पाकिटातच पत्ता सापडला असं दाखवलं तर चालेल का? कुणी हॉटेल लाइनमधलं असेल तर सविस्तर सांगा.

पत्ता सापडला तरी उपयोग नाही हो. समजा पाकिटात हॉलंडचा पत्ता निघाला, मग तुमचा बेलबॉय काय विमानानं जाणार? पाहुणा राहतो कुठं हे शोधायचं नसतंच, तो आत्ता या घडीला कुठं आहे आणि पुढची गाडी पकडायच्या आत गाठता येईल का, हे शोधायचं असतं. आणि तुमच्या कथेत दुसरी एक मोठी अडचण येणार आहे, ती म्हणजे बेलबॉयला ते पाकीट हॉटेलच्या दाराबाहेर नेताच येत नाही. नेलं की तो चोर. मग कितीही चांगल्या मनानं नेऊ दे.

मी वीस वर्षांपेक्षा जास्त फ्रंट ऑफिसला काढली, सुरुवात मात्र बॅगा उचलण्यापासूनच केली. त्यामुळं सल्ला देत बसण्यापेक्षा माझ्याच बाबतीत घडलेली एक गोष्ट सांगतो, त्यात तुमच्या कथेला लागणारं बरंचसं मिळेल. जानेवारी 2006 ची गोष्ट आहे. सांगलीतलं मध्यम हॉटेल, तीस-बत्तीस रूम, नाव सांगत नाही. आता हे सगळं हॉटेलवर पण अवलंबून असतं म्हणा. मोठ्या हॉटेलात बेलबॉय फक्त बॅगा नेतो, रूममध्ये राहिलेली वस्तू सापडते ती हाऊसकीपिंगला. आमच्यासारख्या ठिकाणी मात्र बेलबॉय, रूम बॉय, कधी कधी पाण्याची मोटर चालू करणारा, वेळ पडली की सगळं एकच पोरगं असायचं.

तर आजोबा होते हॉलंडचे, सत्तरीच्या पुढचे. सकाळी सातला चेक-इन केलेलं, दोन रात्री राहिले. आमच्याकडं 24 तासांचा चेकआऊट, म्हणजे ज्या वेळेला आलात त्या वेळेला दिवस संपतो, सातच्या पुढं गेलं की नवीन दिवसाचं भाडं. हे त्यांना रिसेप्शनवाल्यानं आदल्या रात्री सांगितलेलं, त्यामुळं तिसऱ्या दिवशी साडेसहालाच ते आवरून तयार. आणि नेमकी लाईट गेलेली. तेव्हाचं लोडशेडिंग आठवत असेल तर कळेल, जनरेटर फक्त लिफ्ट आणि लॉबीला, रूममध्ये मेणबत्ती. मी बॅटरी दाखवत त्यांच्या दोन बॅगा खाली आणल्या, रिक्षात ठेवल्या, सलाम केला, संपलं. निघताना रूमवर एक नजर फिरवायची असते, उशी उचलून, ड्रॉवर उघडून, बाथरूमच्या दारामागं हुकावर बघून. अंधारात मी ती फिरवली नाही. म्हणजे चूक मुळात माझीच.

अकराच्या सुमारास, रूम बॉयची सुट्टी म्हणून चादरी पण मीच काढत होतो, तर उशीचा अभ्रा झटकल्यावर त्यातनं पाकीट पडलं. तुम्ही कथेत टेबलावर विसरलेलं पाकीट दाखवू नका, टेबलावरचं कुणी विसरत नाही. म्हातारी माणसं परक्या गावात रात्री पाकीट लपवून झोपतात, अभ्र्यात, गादीखाली पायाच्या बाजूला, टेलिफोन डिरेक्टरीच्या ड्रॉवरमध्ये. सकाळी घाईत तीच लपवलेली वस्तू राहते. आमच्याकडं चष्मे नि चार्जर राहायचे ते उघड्यावर, पण पैसे राहायचे ते नेहमी लपवलेल्या जागेत.

आता इथं तुमचा बेलबॉय काय करतो त्यावर पुढची सगळी कथा अवलंबून आहे. त्यानं पाकीट उघडायचं नाही. तसंच हातात धरून खाली यायचं, कुणाला तरी दिसेल असं. मी तसाच आलो, खिशात घातलं नाही, कारण आम्हा बेलबॉयवरच्या बेल कॅप्टननं पहिल्याच आठवड्यात सांगितलेलं की सापडलेली वस्तू एकदा खिशात गेली की मग ती सापडलेली राहत नाही. मॅनेजर, कॅशियर आणि मी, तिघांच्या समोर ते काउंटरच्या मागं उघडलं. लॉस्ट अँड फाउंडचं रजिस्टर असतं, त्यात तारीख, वेळ, रूम नंबर, कुणाला कुठं सापडलं, आणि मग आतलं एकूण एक. एक बँकेचं कार्ड. युरोच्या दोन नोटा, पन्नासच्या. भारतीय रुपये 3,400. एका बाईचा पासपोर्ट साइज फोटो. आणि सिगारेटच्या चांदीच्या कागदात गुंडाळलेले पांढऱ्या दोऱ्याचे दोन तुकडे, बोटभर लांबीचे. कॅशियर म्हणाला दोरा काय लिहायचा, कचरा आहे. मॅनेजर म्हणाले, आत जे आहे ते लिहायचं, कचरा आहे की नाही ते मालक ठरवंल. तिघांच्या सह्या झाल्या, पाकीट लिफाफ्यात, लिफाफ्याच्या तोंडावर पुन्हा तिघांच्या सह्या आणि ते तिजोरीत.

(कायदा पण हेच सांगतो बरं का. 1872 च्या कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्टचं कलम 71 आहे, सापडलेली वस्तू ज्यानं ताब्यात घेतली त्याच्यावर ती सांभाळायची जबाबदारी येते, एखाद्यानं आपल्याकडं ठेवायला दिली असल्यासारखी. आणि मालक शोधायचा रीतसर प्रयत्न न करता वापरली तर तो गुन्हा, तेव्हा आयपीसी 403, आता नवीन संहितेत 314. पण त्या दिवशी आमच्या डोक्यात कलम वगैरे काही नव्हतं, आजोबांची गाडी सुटंल हे होतं.)

माग काढायला हॉटेलकडं काय असतं ते सांगतो. पहिलं म्हणजे सी फॉर्म. परदेशी पाहुणा आला की त्याचा हा फॉर्म भरून 24 तासांच्या आत पोलिसांकडं द्यायचा असतो, तेव्हा कागदावर होता, नंतर ऑनलाइन झाला. त्यात नुसता पासपोर्ट आणि व्हिसा नसतो, कुठून आला आणि इथून पुढं कुठं जाणार हे पण असतं. नव्या माणसाला वाटतं चला, पुढचा मुक्काम कळला, काम झालं. पण तो रकाना पाहुणे कसाही भरतात, मनात जे पहिलं येईल ते. आजोबांनी लिहिलेलं गोवा. गोवा म्हणजे कुठं, कोणतं हॉटेल, कधी, कशानं, काही नाही.

दुसरं, घरचा फोन नंबर. तो होता फॉर्मवर. पण तिकडं हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास मागं असतं, म्हणजे आमचे अकरा तेव्हा तिथं पहाटेचे साडेसहा. आणि घरी फोन करायचा हा हॉटेलवाल्याचा शेवटचा उपाय असतो, पहिला नाही. पाहुणा कुठं उतरलाय हे त्यानं घरी सांगितलं असेलच असं नाही, कुणाबरोबर उतरलाय ते तर नाहीच नाही. कुणाचा रुमाल राहिला म्हणून घरी फोन केला आणि बायकोनं उचलला, अशानं संसार मोडल्याच्या गोष्टी प्रत्येक जुन्या मॅनेजरकडं असतात. म्हणून बारीकसारीक वस्तू राहिली तर आपण होऊन फोन करत नाहीत, पाहुण्याच्या फोनची वाट बघतात. पाकिटाची गोष्ट वेगळी, तरी आमच्या मॅनेजरनी दीड वाजता, म्हणजे तिथले नऊ, आयएसडीचं कुलूप काढून फोन लावला आणि कुणी उचललं तर काय बोलायचं ते आधी ठरवून ठेवलं, की नुसतं विचारायचं साहेबांशी संपर्क कसा होईल, हॉटेल आणि गाव सांगायचं नाही. रिंग वाजत राहिली. आजोबा एकटेच राहत असणार.

दीड वाजेपर्यंत आम्ही हातावर हात ठेवून बसलो नव्हतो. तिसरी एक गोष्ट असते जी कथा लिहिणाऱ्या कुणालाच माहिती नसते, एरंड कार्ड, इंग्लिशमधलं एरंड, म्हणजे सांगितलेलं काम. बेल डेस्कवर रोज प्रत्येक पोराच्या नावाचं एक कार्ड असतं. कुठल्या रूमला गेला, किती वाजता, काय काम, किती नग सामान, चेकआऊट असेल तर गाडीचा नंबर. कुठला पोरगा कुठं वेळ घालवतो हे कॅप्टनला कळावं म्हणून ते असतं खरं, पण पाहुणा शोधायला त्याच्यासारखं काही नाही, कारण सी फॉर्ममध्ये पाहुणा जे सांगतो ते असतं आणि या कार्डात त्यानं जे केलं ते असतं.

मी तीन दिवसांची कार्डं काढली आणि पहिल्या दिवशीच्या चेक-इनला नग 3. तिसऱ्या दिवशी माझ्याच हातानं मी लिहिलेलं, नग 2, अधिक रिक्षाचा नंबर. आले तीन, गेले दोन. मग तिसरा नग कुठंय? रूममध्ये तर नाही. मधल्या दिवसाचं कार्ड बघितलं तर दुपारच्या शिफ्टच्या पोरानं लिहिलेलं, अशा अशा रूमला, लांब लाकडी पेटी 1, रिक्षा, मिरज.

आता मी मिरजेचाच. लांब लाकडी पेटी, मिरज आणि चांदीच्या कागदातला दोरा, हे तीन एकत्र आल्यावर मिरजेच्या कुठल्याही पोराला कळंल की हा तंबोरा आहे आणि तो सतारमेकर गल्लीत गेलाय. बाहेरच्यांसाठी सांगतो, मिरजेत दीडशे वर्षांपासनं सतारी-तंबोरे बनतात, पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा येतो, त्याच्यावर लाकडी दांडी बसते आणि सगळ्यात शेवटी घोडीवर जवारी काढतात. घोडी म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी. ती अगदी नखाएवढी घासत घासत असा उतार द्यायचा की तार छेडल्यावर नुसती वाजत नाही, गुंजत राहते. आणि तार आणि घोडी यांच्यामध्ये दोरा सरकवून तो गुंज नेमका कुठं उघडतो ते बघतात. तोच तो दोरा. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ इथंच राहिले, 1937 साली गेले, मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांची कबर आहे, त्यामुळं गाण्यातली माणसं मिरजेला येतात ती बहुतेक या दोन कामांसाठी, दर्गा आणि वाद्य.

जवारी काढायला दिलेला तंबोरा लगेच मिळत नाही, घासून तारा चढवल्या की रात्रभर बसू द्यायच्या, सकाळी पुन्हा ऐकायचं, पुन्हा घासायचं. म्हणजे आजोबांनी आदल्या दुपारी टाकलेला तंबोरा आज कधीतरी ते घ्यायला जाणार, आणि गोव्याला जायचं तर मिरजेतनं रात्रीची गोवा एक्स्प्रेस. हे मी मॅनेजरना सांगितलं तेव्हा मला वाटलं ते म्हणतील शाब्बास, हे घे पाकीट, पळ. ते म्हणाले, जा. पाकीट इथंच राहणार.

मला तेव्हा राग आला होता, खोटं कशाला बोलू. दहा किलोमीटर जायचं, माणूस शोधायचा आणि मग त्याला सांगायचं की पाकीट सांगलीला आहे, या घ्यायला. पण नंतर स्वतः मॅनेजर झाल्यावर मी पण कुठल्या पोराला कधी पाकीट घेऊन पाठवलं नाही. वाटेत पडलं, कुणी हिसकावलं, चुकीच्या माणसाला दिलं, काहीही झालं तरी पोरगं अडकतं. आणि जाताना त्यांनी मला एक सांगितलं ते तुमच्या कथेत जरूर वापरा. पाकीट हा शब्द कुणासमोर काढायचा नाही. फक्त विचारायचं, पाहुण्यांचा निरोप आहे.

सिटी बसनं मिरजेत उतरलो. गल्लीत दुकानं एकाला एक लागून, मी प्रत्येक ठिकाणी एकच विचारत होतो, काका, काल दुपारी एका गोऱ्या आजोबांचा तंबोरा जवारीला आलाय काय. दुसऱ्या दुकानात एक माणूस बसलेला, कारागीर नव्हता, असाच. तो म्हणाला, हां ते होय, ते आमचंच गिऱ्हाईक, काय आहे दे माझ्याकडं, मी देतो त्यांना. मी म्हटलं निरोप आहे तोंडी. म्हणाला निरोप सांग. मी म्हटलं इंग्लिशमधी आहे, मला येत नाही पूर्ण, साहेब फोनवर बोलणारेत. मी आजोबांचा देश विचारल्यावर त्यानं जर्मनी सांगितलं, आणि पेटी काळी म्हणाला, पेटी तर लाकडी होती. पाकीट हा शब्द मी बोललो असतो तर तो माणूस दिवसभर माझी पाठ सोडला नसता.

चौथ्या दुकानात वरच्या माडीवर तंबोरा होता. कारागीर वयस्कर, मांडीवर घेऊन कानस चालवत होते, मान वर न करता म्हणाले, आहे की, चारला येतो म्हणालेत, दर्ग्यात जाऊन बसलेत. म्हणजे बॅगा स्टेशनच्या क्लोक रूमला असणार, म्हटलं बरंय. कॉइन बॉक्सवरनं हॉटेलला फोन केला, मॅनेजर म्हणाले तिथंच बस, दर्ग्यात शोधत फिरू नकोस, चुकामूक होईल. हे पण बरोबर होतं. माणूस जिथं नक्की येणार आहे ती जागा सोडून माणसाच्या मागं धावायचं नाही. कथेत मात्र तुम्ही त्याला दर्ग्यात पाठवणार, मला माहितीय, चित्र छान दिसतं.

आजोबा सव्वाचारला आले, एकदम निवांत. त्यांना काही पत्ताच नव्हता. तुम्हाला वाटत असेल पाकीट हरवल्यावर माणूस सैरभैर होतो, पण हे बाहेरचे म्हातारे प्रवासी पासपोर्ट, तिकिटं, जास्तीचे पैसे शर्टाच्या आत पोटाला बांधलेल्या पट्ट्यात ठेवतात, पाकीट नुसतं वरखर्चाला. सकाळपासनं रिक्षा, चहा सगळं ते दुसऱ्या खिशातल्या सुट्ट्यातनं भागवत होते. मी माझ्या मोडक्या इंग्लिशमध्ये सर, युवर रूम, वन थिंग, असं काहीतरी म्हणालो आणि दुकानातनंच मॅनेजरना फोन लावून दिला. तेव्हा त्यांनी मागच्या खिशावर हात मारला आणि चेहरा उतरला.

मॅनेजरनी फोनवर पाकिटाचं वर्णन सांगितलं नाही, विचारलं. रंग कोणता, आत काय काय. हे नेहमी असंच करायचं, आपण सांगायचं नाही, समोरच्याला सांगू द्यायचं. आजोबांनी रंग बरोबर सांगितला, कार्ड, फोटो, पन्नासच्या दोन युरो नोटा, आणि रुपये, म्हणाले तीन हजार नऊशे. मला फोनमधलं ऐकू येत नव्हतं, पण आजोबा पलीकडचं ऐकून जे पुन्हा म्हणाले ते ऐकू आलं, नो नो, थर्टी नाइन हंड्रेड. आणि त्यांनी माझ्याकडं बघितलं.

पाचशे कमी. खरं सांगतो, पायातलं बळ गेलं माझ्या. पगार तेव्हा हजार-दीड हजार. कारागीर काका पण कानस थांबवून बघायला लागले. आणि मला त्या क्षणी एकच गोष्ट आठवत होती, की मी ते पाकीट एकट्यानं उघडलं नव्हतं. अभ्र्यातनं पडलं तसं खाली नेलं, तिघांनी मोजलं, तिघांच्या सह्या आहेत. वर रूममध्ये मी एकदा जरी उघडून बघितलं असतं, नुसतं उत्सुकता म्हणून, एक रुपयाला हात न लावता, तरी त्या नजरेला मी काय उत्तर दिलं असतं? काही नाही. तुमच्या कथेचा खरा पेच इथं आहे असं मला वाटतं. माग काढणं हे डोक्याचं काम, ते जमतं. पण परत करायला गेलेल्या माणसावर संशय येणं, तेही ज्याच्यासाठी धडपडला त्याच्याकडनंच, यातनं तो कसा सुटतो ते दाखवा.

मी सुटलो ते कारागीर काकांमुळं. त्यांना इंग्लिश येत नव्हतं, पण हंड्रेड आणि माझं तोंड यावरनं त्यांना काय कळायचं ते कळलं. उठले, कोनाड्यातली वही काढली, पान उलटून आजोबांच्या समोर धरली आणि बोट ठेवलं. कालची तारीख, जवारी, तंबोरा एक, आगाऊ 500. आजोबांनी चष्मा लावून बघितलं, मग डोळे मिटून काहीतरी मोजलं, आणि ओह म्हणाले. झालेलं असं की पैसे त्यांनी परवा रात्री मोजलेले, आणि काल दुपारी इथं पाचशे दिलेले ते वजा करायचे राहिले. वर त्यांनी मला सॉरी म्हटलं, दोनदा. मी नो प्रॉब्लेम म्हटलं. प्रॉब्लेम होता, पण म्हणायचं काय.

पाचच्या पुढं कॅशियर मॅनेजरच्या स्कूटरवरनं सीलबंद लिफाफा घेऊन आला, सोबत पावतीच्या दोन प्रती. आजोबांनी लिफाफ्यावरच्या सह्या बघितल्या, फाडला, आणि पैसे मोजले. तीनदा मोजले. आवडलं मला ते, मोजल्याशिवाय सही करणाऱ्या माणसाचा भरवसा नसतो, रात्री गाडीत बसल्यावर पुन्हा काहीतरी आठवतं. मग सही केली, तारीख टाकली. मला दोनशे रुपये देऊ केले, मी कॅशियरकडं बघितलं, त्यानं मान हलवली म्हणून घेतले. बक्षीस घ्यायला आमच्याकडं बंदी नव्हती, लपवून घ्यायला होती.

आता आजच्या काळातली कथा असेल तर यातलं बरंचसं उडतं. पाहुण्याचा मोबाईल नंबर असतो, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो न टाकता नुसतं विचारता येतं, पाच मिनिटांत मिटतं. म्हणून एकतर कथा जुन्या काळात न्या, नाहीतर फोन बंद असण्याचं खरं वाटेल असं कारण द्या, म्हणजे तिकडचंच सिम आणि रोमिंग बंद, म्हाताऱ्या पाहुण्यांचं आजही असं असतं. आणि पाहुणा देशाबाहेर गेल्यावर पाकीट कुरिअरनं पाठवलं असं लिहू नका, रोख नोटा कुरिअरवाले घेत नाहीत. बेलबॉय मोठ्या हॉटेलचा करणार असाल तर पाकीट त्याला नाही, रूम बॉयला सापडू द्या, आणि नग मोजण्याचं काम बेलबॉयकडं ठेवा, त्याच्याशिवाय तिसऱ्या नगाचं कुणाला कळणार नाही.

आणि त्या दोऱ्याचं राहिलं. मला वाटत होतं ते दोरे म्हणजे काहीतरी मोठी आठवण असणार, एखाद्या गुरूनं दिलेले वगैरे, बसमध्ये मी पूर्ण गोष्ट रचली होती. आजोबांनी चांदीचा कागद उघडला, बघितलं, आणि दुकानाच्या कोपऱ्यात टाकून दिला. काकांनी नवीन दोरे दिले होतेच. पण कॅशियर लगेच वाकला आणि ते दोन्ही तुकडे उचलून कागदात गुंडाळून खिशात घातले, कारण रजिस्टरला लिहिलेले, आणि मालकानं नेले नाहीत तर ते जमा दाखवायला लागतात. रात्री मॅनेजरनी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, दोरा तुकडे 2, पाहुण्यांनी नाकारले. सहा महिने ते लॉस्ट अँड फाउंडच्या कपाटात चिठ्ठी लावून पडून होते, एका छत्रीच्या आणि दातांच्या कवळीच्या मध्ये.